सुखकर्ता दुःखहर्ता अपलोड करताना: शब्द, प्रसंग आणि लोक शोधतात ती स्पेलिंगं

प्रश्न: आमच्या कोथरूडच्या महिला भजनी मंडळाने 'सुखकर्ता दुःखहर्ता' तिन्ही कडव्यांसह रेकॉर्ड केली आहे. गेल्या वर्षी एक आरती यूट्यूबवर टाकली होती, पण नाव टाईप करूनही ती सापडत नाही, प्रत्येकीला लिंक पाठवावी लागते. शीर्षक मराठीत द्यावं की इंग्रजीत? लोक दहा प्रकारे स्पेलिंग लिहितात, ती सगळी खाली लिहून टाकावीत का? आणि गणेश चतुर्थी, संकष्टी हे नेमकं कुठे लिहायचं?

उत्तर:

ताई, शीर्षकात देवनागरीतलं शुद्ध नाव आणि रोमन लिपीतलं एकच, सगळ्यात जास्त चालणारं स्पेलिंग ठेवा. बाकीची स्पेलिंगं टॅगच्या चौकटीत जातील. प्रसंग वर्णनाच्या सुरुवातीला साध्या वाक्यात येईल. स्पेलिंगांची रांग वर्णनात मात्र लावू नका. वर्णनात टॅगांचा ढीग ओतणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, आणि त्यावरून व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे अपेक्षा जागेवर राहतील. नुसतं 'सुखकर्ता दुःखहर्ता' टाईप केल्यावर पहिल्या पानावर येणं तुमच्या मंडळाला जवळपास अशक्य आहे. त्या दोन शब्दांवर नामवंत गायकांची वर्षानुवर्षं ऐकली जाणारी रेकॉर्डिंग्ज बसलेली आहेत. तुम्हाला जागा मिळेल ती लांबलचक शोधात: 'सुखकर्ता दुःखहर्ता तिन्ही कडवी', 'गणपती आरती शब्दांसह संथ', 'sankashti aarti marathi lyrics'. असं शोधणाऱ्या माणसाला आरती सोबत म्हणायची असते, आणि तुमचं रेकॉर्डिंग नेमकं त्यासाठीच आहे. मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, वर्णन आणि टॅग, लिहिताना हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

सुरुवात शब्दांपासून करा, शीर्षकापासून नको. ही आरती तोंडपाठ असते म्हणूनच तिचे शब्द कोणी पडताळून बघत नाही. पहिल्या कडव्यात 'सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची' आहे, पण कितीतरी ठिकाणी 'ओटी शेंदुराची' लिहिलेलं दिसतं. उटी म्हणजे अंगाला लावलेला लेप, ओटीचा इथे काही संबंध नाही. तिसऱ्या कडव्यात 'लंबोदर पीतांबर फणिवरबंधना' म्हणजे पोटाला नागाचा पट्टा बांधलेला, त्याचं सर्रास 'फणिवरवंदना' होतं, कारण शेवटच्या ओळीतलं 'सुरवरवंदना' जिभेवर बसलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त घोळ 'संकटी पावावे' इथे. निम्मं गाव 'संकष्टी पावावे' म्हणतं. 'निर्वाणी रक्षावे' शेजारीच आहे, म्हणजे संकटात धावून ये आणि शेवटच्या घटकेला रक्षण कर, असा सरळ अर्थ लागतो.

आता तुमचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका आणि शेवटच्या ओळीत तुमच्या मंडळाने काय म्हटलं आहे ते बघा. समजा, 'संकष्टी' म्हटलं गेलंय. तर कॅप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओसोबत चालणाऱ्या शब्दांत, आवाजात जे आहे तेच लिहा. कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं आलं की सोबत म्हणणारी माणसं अडखळतात. वर्णनात दिलेल्या पूर्ण आरतीत मात्र 'संकटी' हा पाठ ठेवा, आणि आरतीखाली एक वाक्य लिहा: 'शेवटच्या ओळीत काही ठिकाणी संकष्टी पावावे असंही म्हटलं जातं, मूळ अर्थाला धरून इथे संकटी पावावे हा पाठ दिला आहे.' या एका वाक्याने दोन कामं होतात. वाचणाऱ्याला खरी माहिती मिळते, आणि 'संकष्टी पावावे' असं शोधणाऱ्यालाही तुमच्या पानावर तो शब्द सापडतो. चुकीचे शब्द मेटाडेटात आणायची ही प्रामाणिक पद्धत आहे. 'ओटी' आणि 'फणिवरवंदना' याच वाक्यात जोडता येतील.

शब्द कुठून घेताय यालाही महत्त्व आहे. पुण्यातल्या बऱ्याच मंडळांकडे आरत्या स्मरणिकेच्या फाईलमध्ये पडून असतात आणि त्या श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. तो मजकूर उचलून यूट्यूबवर टाकला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण तो युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखाच वाचता येणारा मजकूर, नाही. कन्व्हर्टरमधून काढा, पण मग रफार, जोडाक्षरं आणि अनुस्वार एकेक करून तपासा. 'कर्ता'तला रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, हे मी फार वेळा पाहिलंय. सगळ्यात सोपं म्हणजे बारा ओळी आणि धृपद फोनवर नव्याने टाईप करणं.

टाईप करताना 'दुःख'मधल्या विसर्गाकडे लक्ष द्या. फोनच्या कीबोर्डवर विसर्ग पटकन सापडत नाही, म्हणून बहुतेक जण इंग्रजी कोलन टाकतात: दु:ख. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी कोलन हे विरामचिन्ह आहे. त्यामुळे 'दु' आणि 'खहर्ता' असे दोन तुकडे पडू शकतात. हॅशटॅगमध्ये हे लगेच कळतं: कोलन आला की निळा रंग तिथेच तुटतो, पुढचं अक्षर साधं काळं राहतं. तपासायला सोपी युक्ती आहे. मजकूर संगणकावर उघडा, शोधाच्या चौकटीत इंग्रजी कोलन टाका. 'दु'नंतरचा कोलन सापडला तर तो खरा विसर्ग नाही. 'मनःकामना'लाही हीच तपासणी करा. लोक शोधताना विसर्ग गाळून 'दुखहर्ता' लिहितात, ती गोष्ट वेगळी. ते रूप टॅगमध्ये ठेवायचं, आरतीच्या शब्दांत नाही.

आता शीर्षक. यूट्यूब शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा देतं, पण देवनागरीत हे शंभर लवकर संपतात, कारण काना, वेलांटी, उकार, विसर्ग आणि पाय मोडणारं हलन्त चिन्ह ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. 'सुखकर्ता' आपण चार अक्षरांचा शब्द म्हणतो, मोजणीत तो आठ भरतो. 'दुःखहर्ता' नऊ. त्यामुळे मराठीत आणि इंग्रजीत दोनदा सगळं लिहायला गेलात की शेवटचं कापावंच लागतं. तुमच्यासाठी मी असं शीर्षक करेन:

```
सुखकर्ता दुःखहर्ता | गणपती आरती, तिन्ही कडवी, शब्दांसह | Sukhkarta Dukhharta Lyrics
```

हे ८३ भरतं. फोनवर शोधाच्या यादीत शीर्षकाची शेपूट कापली जाते, म्हणून आरतीचं नाव अगदी पुढे आहे आणि रोमन भाग शेवटी. मंडळाचं नाव शीर्षकात नको. ते चॅनेलच्या नावात आधीच दिसतं आणि तुम्हाला न ओळखणारं कोणी ते टाईप करणार नाही. 'Lyrics' हा शब्द मात्र ठेवा, कारण मराठी माणूसही शब्द हवे असले की हाच टाईप करतो. आणि कुठल्याही प्रसिद्ध गायिकेचं नाव शीर्षकात, वर्णनात किंवा टॅगमध्ये घालू नका. ज्यांचा आवाज त्यात नाही त्यांचं नाव घालणं म्हणजे दिशाभूल, आणि यूट्यूबही ते तसंच धरतं.

रोमन स्पेलिंग 'Sukhkarta' का आणि 'Sukhakarta' का नाही, हे तुम्ही स्वतः पडताळू शकता. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, म्हणजे तुमचा जुना शोध मध्ये येणार नाही. यूट्यूबच्या चौकटीत नुसतं 'sukh' टाका आणि खाली काय सुचवलं जातं ते बघा. मग 'sukha' टाकून बघा. गूगल ट्रेंड्समध्ये वेब सर्चच्या जागी यूट्यूब सर्च निवडता येतं. तिथे दोन्ही स्पेलिंगं शेजारी शेजारी टाकून मागच्या पाच वर्षांचा आलेख पाहा. जे वर असेल ते शीर्षकात. मी दिलेलं स्पेलिंग खाली निघालं तर बेलाशक बदला.

वेगवेगळी स्पेलिंगं आंधळेपणाने गोळा करायची गरज नाही, ती ठरावीक ठिकाणीच फुटतात. पहिली जागा म्हणजे अक्षरातला लपलेला 'अ'. बोलताना आपण 'सुख्कर्ता' म्हणतो म्हणून कोणी sukhkarta लिहितो, तर संस्कृताच्या सवयीचा माणूस sukhakarta. दुसरी जागा दीर्घ स्वर: aarti, arti, aarati. तिसरी, शब्द तोडणं: sukh karta dukh harta. चौथी, व आणि घ: varta की warta, vighnachi की vignachi. यातली मोठी अक्षरं, लहान अक्षरं, एखादं अक्षर इकडेतिकडे, हे यूट्यूबचा शोध बऱ्यापैकी स्वतःच सांभाळून घेतो. आपल्याला फक्त इतकी दूरची रूपं द्यायची आहेत की ती दोन वेगळे शब्द वाटावेत. टॅगबद्दल यूट्यूब स्वतःच सांगतं की नेहमी चुकीचं लिहिलं जाणारं नाव असेल तर टॅग उपयोगी, नाहीतर शोधात त्यांचा वाटा नगण्य. आरतीचं नाव अगदी याच प्रकारात मोडतं. मर्यादा ५०० अक्षरांची आहे, ती भरायलाच हवी असं नाही:

```
sukhkarta dukhharta, sukhakarta dukhaharta, sukh karta dukh harta, sukhkarta dukhharta varta vighnachi, ganpati aarti marathi, ganpati arti, sankashti chaturthi aarti, सुखकर्ता दुखहर्ता, सुखकर्ता दुःखहर्ता आरती
```

हे निम्म्याहून कमी जागेत बसतं आणि एवढं पुरतं. यात 'bhakti', 'god', 'marathi song' असले ढोबळ शब्द भरून काही हाती लागत नाही.

आणखी एक स्पेलिंग वर्णनात सहज बसवता येतं, तेही नियमांना धक्का न लावता. देवनागरीतली पूर्ण आरती दिल्यावर खाली तीच रोमन लिपीत द्या. परदेशात वाढलेल्या मुलांना, किंवा मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही अशा शेजाऱ्यांना, तिचा खरोखर उपयोग होतो. ती लिहिताना मात्र गायल्याप्रमाणे लिहा. गाताना आपण 'सुख' अर्धवट सोडत नाही, सु-ख-कर्-ता, दुः-ख-हर्-ता असं पूर्ण म्हणतो. म्हणून इथे Sukhakarta Dukhaharta Varta Vighnachi हेच बरोबर. शीर्षकात शोधाचं स्पेलिंग, आरतीत गाण्याचं स्पेलिंग. दोन्ही रूपं पानावर आली आणि दोन्हींना तिथे असण्याचं कारण आहे.

वर्णनाला ५००० अक्षरं मिळतात, पण उघडल्याशिवाय दिसतात त्या पहिल्या एकदोन ओळीच. तिथे 'आमच्या चॅनेलला सबस्क्राईब करा' लिहिलं की हातातली जागा गेली. तुमच्या पहिल्या ओळी अशा असाव्यात: 'समर्थ रामदासांची गणपतीची आरती, तिन्ही कडव्यांसह, सोबत म्हणता येईल अशा संथ लयीत. गणेशोत्सवातल्या रोजच्या आरतीसाठी, दर महिन्याच्या संकष्टी चतुर्थीला, अंगारकीला आणि माघी गणेश जयंतीला.' त्यानंतर देवनागरी आरती, पाठभेदाचं ते वाक्य, रोमन आरती, आणि शेवटी श्रेय: रचना समर्थ रामदास, चाल पारंपरिक, गायन तुमचं मंडळ, टाळ, पेटी, मृदंग कोणाचे, रेकॉर्डिंग कुठलं. रचनाकाराचं नाव लिहायचं राहून जातं. 'दास रामाचा वाट पाहे सदना' ही ओळ असताना ते राहू नये. शब्द सतराव्या शतकातले आहेत, त्यांच्यावर हक्क कोणाचा नाही. पण चाल खरोखर पारंपरिक आहे, की एखाद्या ध्वनिमुद्रिकेतली संगीतरचना जशीच्या तशी उचलली आहे, हे वादकांना विचारून घ्या. तसं असेल तर 'पारंपरिक' लिहून हक्काचा दावा टळत नाही.

प्रसंगाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते शीर्षकात 'गणेश चतुर्थी २०२६' लिहिल्याने. दहा दिवस ते ताजं वाटतं, अनंत चतुर्दशीनंतर तेच शीर्षक शिळं दिसतं. ही आरती तर वर्षभर लागते. संकष्टी दर महिन्याला येते, मंगळवारी आली की अंगारकी, आणि माघ शुद्ध चतुर्थीला पुन्हा गणेश जयंती. म्हणून व्हिडिओच्या शीर्षकात साल नको आणि एकच सणही नको. साल लिहायचंच असेल तर ते प्लेलिस्टच्या नावात लिहा. 'संकष्टी चतुर्थी: आरत्या आणि स्तोत्रं' ही एक कायमची प्लेलिस्ट करा आणि 'गणेशोत्सव २०२६: सकाळ-संध्याकाळच्या आरत्या' ही दुसरी. दुसरीचं नाव दरवर्षी बदला, आत व्हिडिओ तोच राहील आणि त्याचे जुने व्ह्यूज आणि कॉमेंट्सही त्याच्याकडेच राहतील.

तारखेचा हिशेब पंचांगावरून करा, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवरून नको. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. आदल्या दिवशी रात्री अपलोड करून सकाळच्या पूजेला सापडावं ही अपेक्षा धरू नका. निदान तीनचार आठवडे आधी टाका. मध्ये एखादी संकष्टी येते, त्या दिवशी लोक काय टाईप करून तुमच्यापर्यंत पोचले ते दिसतं, आणि उत्सवाआधी दुरुस्तीला वेळ राहतो.

अपलोड करताना भाषेच्या दोन चौकटी असतात, एक व्हिडिओच्या भाषेची आणि एक शीर्षक-वर्णनाच्या भाषेची. दोन्हींत मराठी निवडा. यूट्यूब स्टुडिओत शीर्षक आणि वर्णनाचं दुसऱ्या भाषेतलं रूपही जोडता येतं, आणि तिथे एक फसगत होते. इंग्रजी रूप जोडलंत की ज्यांच्या फोनची भाषा इंग्रजी आहे त्यांना तेच दिसतं. आता कोथरूड, सदाशिव पेठेतल्या किती घरांत फोन मराठीत असतो? बहुतेकांचा इंग्रजीतच असतो. तुमचं मराठी शीर्षक त्यांना दिसणारच नाही, आणि समोर 'Hindu Prayer to Lord Ganesha' असलं काही आलं तर आपली आरती म्हणून ते ओळखणारही नाहीत. म्हणून इंग्रजी रूप जोडलंच, तर त्यातही सुरुवात देवनागरी नावाने करा आणि मग 'Sukhkarta Dukhharta, Ganpati Aarti in Marathi with Lyrics' लिहा. नावाचं भाषांतर करायचं नाही.

कॅप्शनसाठी स्वतः एसआरटी फाईल करा, म्हणजे कुठली ओळ कितव्या सेकंदाला दिसायची हे लिहिलेली साधी मजकुराची फाईल. टाळ, घंटा आणि एकत्र आवाज असलेल्या रेकॉर्डिंगवर आपोआप निघालेल्या शब्दांवर विसंबता येत नाही. बारा ओळी आणि तीनदा येणारं धृपद, एवढंच काम आहे, तास-दीड तासात होतं. साचा असा:

```
1
00:00:14,200 --> 00:00:19,800
सुखकर्ता दुःखहर्ता वार्ता विघ्नाची

2
00:00:19,900 --> 00:00:25,400
नुरवी पुरवी प्रेम कृपा जयाची
```

सेकंदानंतर स्वल्पविराम येतो, टिंब नाही. फाईल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. ओळ गायला सुरुवात होण्याच्या किंचित आधी दिसली पाहिजे, कारण सोबत म्हणणाऱ्याला आधी वाचायचं असतं. व्हिडिओच्या चित्रात शब्द छापलेले असले तरी ही फाईल द्याच. ते शब्द चित्राचा भाग आहेत, हा मजकूर आहे.

हेच रेकॉर्डिंग पुढे गाण्यांच्या ॲपवर द्यायचं ठरलं, तर यूट्यूबचं शीर्षक तिथे चालणार नाही. तिथे गाण्याचं नाव म्हणजे फक्त गाण्याचं नाव. 'शब्दांसह', 'Lyrics', उभ्या रेघा, पर्यायी स्पेलिंग हे सगळं काढावं लागतं, नाहीतर गाणं ॲपपर्यंत पोचवणारा वितरक ते परत पाठवतो. गीतकार, संगीत, गायन यांच्या चौकटी वेगळ्या असतात. त्यांत वर ठरवलेलंच श्रेय अक्षरशः तसंच भरा, म्हणजे मंडळाचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे जाणार नाही.

एक संकष्टी उलटली की स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये जा, रीच उघडा आणि यूट्यूब सर्चखाली लोकांनी टाईप केलेले शब्द वाचा. सुरुवातीला आकडे इतके लहान असतात की ती यादी रिकामी दिसू शकते, तेव्हा पुढच्या संकष्टीपर्यंत थांबा. यादीत तुमच्या टॅगमध्ये नसलेलं एखादं रूप पुन्हा पुन्हा दिसलं तर ते टॅगमध्ये घाला. 'तिन्ही कडवी' किंवा 'lyrics' असे शब्द दिसले, तर शीर्षकाला हात लावू नका, ते आपलं काम करतंय. आणि गेल्या वर्षीची ती आरती काढून नव्याने टाकू नका. तिचंच शीर्षक, वर्णन आणि टॅग याच पद्धतीने बदला, म्हणजे तुम्ही पाठवलेल्या सगळ्या लिंक चालू राहतील.